तीन चौरसांचा एक चौरस : बगदादचे कारागीर आणि अबुल वफा

सारख्या मापाचे तीन चौरस आहेत. ते कापून, एकही तुकडा वाया न घालवता, त्यांचा एकच मोठा चौरस करायचा. प्रश्न एवढाच. चार चौरस असते तर काहीच अडचण नव्हती, दोनवर दोन ठेवले की झाले. दोन असते तरी सोपे होते. दोन्ही चौरस कर्णावर कापायचे, जे चार त्रिकोण मिळतात त्यांची काटकोनी टोके मध्यभागी एकत्र आणायची, की मोठा चौरस तयार. पण तीन म्हटले की हात थांबतो.

हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये हाच प्रश्न एका बैठकीत मांडला गेला. बैठकीत दोन प्रकारचे लोक होते. एकीकडे भूमिती जाणणारे पंडित, ज्यांना अरबीत मुहंदिस म्हणत. दुसरीकडे हाताने काम करणारे कारागीर. त्या बैठकीला हजर असलेल्या एका गणितज्ञाने ही हकिकत आपल्या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्याचे नाव अबुल वफा अल-बूझजानी.

अबुल वफाचा जन्म खुरासानमधल्या बूझजान या गावी १ रमजान ३२८ हिजरी, म्हणजे १० जून ९४० रोजी झाला. वयाच्या विशीत तो बगदादला आला आणि उरलेले आयुष्य तिथेच गेले. त्या काळी खलिफा अब्बासी घराण्याचा असला तरी खरी सत्ता बुवैही अमीरांच्या हाती होती, आणि त्यांच्या आश्रयाने गणित आणि ज्योतिषाचे काम जोरात चालू होते. बूझजानीचे मोठे काम त्रिकोणमिती आणि ग्रहताऱ्यांच्या वेधांचे. इ.स. ९९७ मधले एक चंद्रग्रहण त्याने बगदादहून आणि अल-बिरूनीने ख्वारिझममधून ठरवून पाहिले, आणि दोन्हीकडच्या वेळांतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतले अंतर काढले गेले.

पण त्याची दोन पुस्तके पंडितांसाठी नव्हतीच. एक होते सरकारी कारकून आणि वसुली अधिकाऱ्यांना लागणाऱ्या हिशेबाचे. दुसरे होते कारागिरांना लागणाऱ्या भूमितीचे. या दुसऱ्या पुस्तकात काटकोन कसा काढावा, रेषेचे समान भाग कसे पाडावेत, वर्तुळात पंचकोन कसा बसवावा अशा गोष्टी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी लांबलचक सिद्धता गाळून फक्त कृती दिली आहे. याच पुस्तकात चौरस कापण्याचे आणि जोडण्याचे एक प्रकरण आहे, आणि आपली बैठक त्या प्रकरणात आहे.

पंडितांचे उत्तर कारागिरांना का पटले नाही

तीन चौरसांचा एक चौरस करा म्हटल्यावर पंडितांनी फार विचार केला नाही. लहान चौरसाची बाजू १ धरू. त्याचे क्षेत्रफळ १, तिघांचे मिळून ३. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू √३ हवी. ती कंपास आणि पट्टीने सहज काढता येते. लहान चौरसाचा कर्ण √२ असतो. त्या कर्णाच्या एका टोकावर १ लांबीचा लंब उभा करा आणि उरलेली दोन टोके जोडा. पायथागोरसच्या नियमाने ही नवी रेषा √३ होते. उत्तर संपले.

कारागिरांचे समाधान झाले नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. पंडितांनी त्यांना एक रेषा दिली होती. त्या रेषेवर कागदावर चौरस काढता येतो, पण कारागिराच्या हातात कागद नव्हता. त्याच्या हातात लाकडाच्या, दगडाच्या नाहीतर चिनीमातीच्या तीन फरशा होत्या. त्या कुठून कापायच्या आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा, हे रेषा सांगत नाही. बाजू किती असावी हा एक प्रश्न आहे, आणि ती बाजू असलेला चौरस हातातल्या मालातून कसा घडवावा हा वेगळाच प्रश्न आहे.

कारागिरांकडे त्यांच्या स्वतःच्या रीती होत्या. बूझजानीने त्या नोंदवल्या आणि तपासल्या. काही बरोबर निघाल्या, काही चूक. चुकीची एक रीत त्याने तपशीलवार दिली आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती फार हुशारीची चूक आहे.

डोळ्यांना फसवणारा चौरस

ही रीत कागदावर करून पाहता येईल. १० सेंटिमीटर बाजूचे तीन चौरस कापून घ्या. मोजमाप करायला हे आकडे सोपे पडतात.

पहिला चौरस न कापता समोर ठेवा. तिसऱ्या चौरसाचे तीन तुकडे करा. त्यासाठी त्याच्या मध्यबिंदूपासून खालच्या दोन कोपऱ्यांपर्यंत दोन सरळ रेषा मारा आणि वरच्या बाजूच्या मध्यापर्यंत एक. या तीन रेषांवर कापले की एक त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन मिळतात. त्रिकोण पहिल्या चौरसाच्या खाली लावा, टोक खाली करून. दोन समलंब चौकोन त्या चौरसाच्या वर असे लावा की त्यांच्या लांब बाजू मधोमध एकमेकींना भिडतील. आता मधला आकार छप्पर असलेल्या घरासारखा दिसतो, आणि खाली एक टोक लोंबते.

राहिला दुसरा चौरस. तो कर्णावर कापून दोन त्रिकोण करा आणि त्यांच्या लांब बाजू या घराच्या डाव्या आणि उजव्या भिंतीला लावा. टोकावर उभा केलेला मोठा चौरस तयार झाल्यासारखा दिसतो.

या आकृतीत पटण्यासारखे बरेच आहे. चारही टोकांचे कोन काटकोन आहेत. चारही बाजूंवर एक १० सेंटिमीटरची कड आणि एक अर्ध्या कर्णाएवढी, म्हणजे ७.०७ सेंटिमीटरची कड येते. प्रत्येक बाजूची बेरीज १७.०७. चारही बाजू सारख्या, चारही कोन काटकोन, मग चौरस नाही असे कोण म्हणेल? बूझजानी लिहितो की नेमक्या याच दोन गोष्टींनी कारागिरांना फसवले.

आता भिंतीची उंची मोजा. ती चौरसाची पूर्ण बाजू आणि समलंब चौकोनाची छोटी बाजू मिळून होते, म्हणजे १० आणि ५, एकूण १५. तिला जी कड लावली ती चौरसाचा कर्ण आहे, आणि १० सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण १४.१४ असतो. १५ आणि १४.१४ एकमेकांना तंतोतंत बसणे शक्य नाही. बूझजानीचा आक्षेप हाच होता. एक लांबी पूर्ण बाजू आणि तिची निम्मी मिळून झाली आहे, म्हणजे ती अपूर्णांकात लिहिता येते. दुसरी लांबी कर्ण आहे, आणि कर्ण बाजूच्या कोणत्याही अपूर्णांकात लिहिता येत नाही. कितीही बारीक मोजपट्टी घेतली तरी त्या दोघी सारख्या निघणार नाहीत.

चूक पकडायचे आणखी दोन मार्ग आहेत, आणि ते कोणत्याही अशा कोड्याला लागू पडतात. पहिला क्षेत्रफळाचा. तीन चौरसांचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे, तर १७.०७ बाजूच्या चौरसाचे जेमतेम २९१.४. साडेआठ चौरस सेंटिमीटर कुठे गेले? मालापैकी काहीच टाकले नसताना क्षेत्रफळ कमी होत असेल, तर कुठेतरी जोड बसलेला नाही हे नक्की. दुसरा मार्ग सुताराचा. दाराची चौकट काटकोनात आहे का हे पाहायला सुतार दोन्ही कर्ण मोजतो. इथे वरपासून खालपर्यंतचा कर्ण ५, १० आणि १० मिळून २५ येतो. डावीकडून उजवीकडचा ७.०७, १० आणि ७.०७ मिळून २४.१४. चौरसाचे कर्ण असे वेगवेगळे असत नाहीत.

मग ही चूक कारागिरांच्या लक्षात कशी आली नाही? फरशीचा आकार लक्षात घ्या. १० सेंटिमीटरच्या चौरसात भिंत आणि कड यांच्यातला फरक ८.६ मिलिमीटर येतो, म्हणजे डोळ्यांना दिसतो. पण तुकडे २ सेंटिमीटरचे असतील तर फरक १.७ मिलिमीटर उरतो, आणि तेवढा चुन्याच्या सांध्यात सहज मुरतो. बारीक कामात चूक झाकली जाते आणि रीत बरोबर समजून शिष्याला शिकवली जाते.

बूझजानीची रीत

दोष दाखवून बूझजानी थांबला नाही. कारागिरांना हवे होते तसे उत्तर, कापून जोडण्याचे, त्याने दिले. पुन्हा १० सेंटिमीटरचे तीन कागद घ्या.

पहिला चौरस अखंड राहू द्या, तो मध्ये ठेवा. उरलेले दोन चौरस कर्णावर कापा. चार सारखे त्रिकोण मिळतील. प्रत्येकाच्या दोन बाजू १० सेंटिमीटरच्या, त्यांच्यामध्ये काटकोन, आणि लांब बाजू १४.१४ सेंटिमीटरची.

पहिला त्रिकोण मधल्या चौरसाच्या खालच्या बाजूला लावा. त्याची लांब बाजू चौरसाच्या कडेला चिकटलेली असावी, आणि लांब बाजूचे डावे टोक चौरसाच्या डाव्या कोपऱ्यावर बरोबर यावे. चौरसाची बाजू १० आणि त्रिकोणाची १४.१४, म्हणून उजवीकडे ४.१४ सेंटिमीटर कड कोपऱ्याच्या बाहेर निघेल. ती निघू द्या. त्रिकोण मध्यावर सरकवायचा मोह होतो, तो टाळायचा, कारण सारी युक्ती त्या बाहेर निघालेल्या कडेत आहे.

आता अख्खी मांडणी पाव फेरा फिरवा आणि पुढच्या बाजूला दुसरा त्रिकोण तसाच लावा. मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक त्रिकोण एकाच दिशेने बाहेर डोकावेल आणि आकृती मुलांच्या भिरभिऱ्यासारखी दिसेल. चारही त्रिकोणांची काटकोनी टोके बाहेरच्या बाजूला असतील. शेजारशेजारची दोन टोके पट्टीने जोडा. अशा चार रेषा होतील, आणि त्या चार रेषांचा जो चौकोन होतो तोच आपला मोठा चौरस.

मात्र काही भाग या रेषांच्या बाहेर राहिला आहे, आणि काही जागा रेषांच्या आत असून रिकामी आहे. उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. खालच्या त्रिकोणाचे अणकुचीदार टोक रेषेबाहेर गेले आहे. त्याच रेषेच्या आतल्या बाजूला, बाहेर निघालेली कड आणि उजवीकडच्या त्रिकोणाची कड यांच्यामध्ये, एक त्रिकोणी पोकळी आहे. बाहेरचा तुकडा कापून अर्धा फेरा फिरवला की तो त्या पोकळीत नेमका बसतो.

नेमका कशावरून, हे आता डोळ्यांवर सोडायचे नाही. तुकडा आणि पोकळी यांची तुलना करू. रेषा जिथे बाहेरच्या कडेला छेदते तिथे दोघांचे कोन समोरासमोरचे आहेत, म्हणून सारखे. तुकड्याच्या टोकाचा कोन ४५ अंशांचा आहे, कारण तो अर्ध्या चौरसाचा कोपरा आहे. पोकळीचा कोन चौरसाच्या कोपऱ्याशी आहे. तिथे उजवीकडचा त्रिकोण सुरू होतो आणि त्याची कड चौरसाच्या उभ्या बाजूशी ४५ अंशांचा कोन करते. उभी बाजू आणि बाहेर निघालेली कड यांच्यामध्ये काटकोन आहे, त्यातून ४५ गेले की ४५ उरतात. म्हणजे दुसरा कोनही सारखा. आणि तुकड्याची एक बाजू ही खालच्या त्रिकोणाची १० सेंटिमीटरची बाजू, तर पोकळीची तीच बाजू ही उजवीकडच्या त्रिकोणाची १० सेंटिमीटरची. दोन कोन आणि एक संगत बाजू सारखी असली की त्रिकोण एकरूप असतात. इथे १५ आणि १४.१४ सारखी तडजोड कुठेच नाही.

यातून कापायची खूणही मिळते. तुकडा आणि पोकळी एकरूप असल्यामुळे रेषा बाहेर निघालेल्या ४.१४ सेंटिमीटरला बरोबर मध्यावर छेदते. म्हणून प्रत्येक त्रिकोणावर लांब बाजूच्या बाहेरच्या टोकापासून २.०७ सेंटिमीटरवर खूण करायची आणि तिथून काटकोनी टोकापर्यंत सरळ कापायचे.

आता मघाचीच कसोटी लावू. खालच्या त्रिकोणाचे काटकोनी टोक चौरसाच्या डाव्या कोपऱ्यापासून ७.०७ उजवीकडे आणि ७.०७ खाली आहे. उजव्या त्रिकोणाचे टोक त्याच कोपऱ्यापासून १७.०७ उजवीकडे आणि ७.०७ वर आहे. दोघांमध्ये आडवे अंतर १०, उभे १४.१४. त्यांचे वर्ग १०० आणि २००, बेरीज ३००. म्हणजे बाजू १७.३२ आणि क्षेत्रफळ पुरते ३००. मांडणी पाव फेरा फिरवली तरी तशीच राहते, म्हणून चारही बाजू आणि चारही कोन आपोआप सारखे.

एकूण तुकडे नऊ : मधला चौरस, चार मोठे तुकडे आणि चार छोटे. कारागिराच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. छोटा तुकडा नुसता फिरवायचा आहे, उलटा करायचा नाही. फरशीची चकाकी एकाच अंगाला असते. तुकडा पालथा घालावा लागला असता, तर कागदावर बरोबर असलेली रीत भिंतीवर निरुपयोगी ठरली असती. एक मर्यादा मात्र आहे. करवतीच्या प्रत्येक कापात थोडा माल भुगा होऊन जातो. म्हणून खऱ्या फरशीत बाजू १७.३२ पेक्षा किंचित कमी भरेल. ती चूक करवतीची आहे, रीतीची नाही. मघाची चूक रीतीची होती, ती कितीही पातळ पाते वापरले तरी गेली नसती.

कोणताही बहुभुज घेतला तर?

तीन चौरसांना जमले ते कोणत्याही आकाराला जमेल का? पाच बाजूंचा वेडावाकडा तुकडा असला तरी त्याचा चौरस होईल का? सरळ बाजूंचा कोणताही आकार असेल तर उत्तर होय आहे, आणि वाट चार टप्प्यांची आहे.

आधी बहुभुजाचे त्रिकोण करा. मग प्रत्येक त्रिकोणाचा आयत करा. सर्वांत लांब बाजू खाली ठेवून निम्म्या उंचीवर आडवे कापायचे, वरचा लहान त्रिकोण शेंड्यापासून उभा चिरायचा आणि त्याचे दोन भाग फिरवून दोन्ही बाजूंना लावायचे.

मग आयताचा चौरस. समजा आयत १६ बाय ९ चा आहे. क्षेत्रफळ १४४, म्हणून चौरसाची बाजू १२. आयताच्या वरच्या कडेवर डावीकडून ४ वर खूण करा आणि तिथून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरके कापा. सुटलेला मोठा त्रिकोण त्या कापावरूनच ४ डावीकडे आणि ३ वर सरकवा. त्याची उभी कड आता डावीकडून १२ वर येते. तिच्या सरळ रेषेत खालचे टोक कापले की ४ बाय ३ चा छोटा त्रिकोण निघतो, आणि तो डावीकडे वर रिकाम्या राहिलेल्या जागी बसतो. तीन तुकड्यांत १२ बाय १२. आयत फारच लांबट असेल, लांबी रुंदीच्या चौपटीहून अधिक, तर आधी तो मधोमध कापून एकावर एक ठेवायचा.

शेवटी, वेगवेगळ्या मापांचे जे चौरस हातात येतील ते दोन-दोन करून जोडत जायचे. दोन असमान चौरसांचा एक चौरस करण्याची रीतही बूझजानीच्या त्याच पुस्तकात आहे.

ही संपूर्ण वाट सिद्धतेसह युरोपात एकोणिसाव्या शतकात मांडली गेली. आज त्या प्रमेयाला वॉलेस, बोयाई आणि गेरविन यांची नावे आहेत, आणि गेरविनची सिद्धता १८३३ ची आहे. त्याच शतकात लंडनच्या हेन्री पेरिगल या हौशी गणितज्ञाने तीन चौरसांचे कोडे नऊऐवजी सहाच तुकड्यांत सोडवले. मग घन आकारांचे काय? समान घनफळाच्या दोन बहुफलकांपैकी एक कापून दुसरा नेहमी करता येईल का, हा प्रश्न हिल्बर्टने १९०० मध्ये विचारला, आणि त्याचा शिष्य माक्स डेन याने लगेच दाखवून दिले की नाही, कितीही तुकडे केले तरी नाही. सपाट फरशीवर जे नेहमी जमते ते ठोकळ्यांत नेहमी जमत नाही.

बूझजानीच्या मते पंडित आणि कारागीर दोघेही चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. पंडिताला सिद्धता येते, पण हाताला सवय नसल्याने प्रत्यक्ष काम किती अवघड असते ते कळत नाही. कारागिराला हात आणि नजर आहे, पण नजरेला जे बरोबर दिसते ते तो बरोबर धरून चालतो. त्याचे पुस्तक पुढे फारसीत भाषांतरित झाले, आणि तशा एका फारसी हस्तलिखिताची प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यासोबत एकमेकांत गुंतणाऱ्या आकृत्यांवरचा, लेखकाचे नाव नसलेला आणखी एक फारसी ग्रंथ बांधलेला आहे, आणि त्यातही कापण्या-जोडण्याच्या रीती आहेत. म्हणजे बगदादच्या बैठकीत सुरू झालेले बोलणे तिथेच संपले नव्हते.

उर्दू शाळांत शिकलेल्यांना मुरब्बा, मुसल्लस आणि वतर हे शब्द ओळखीचे असतील. चौरस, त्रिकोण आणि कर्ण यांचीच ती नावे, आणि बूझजानीच्या अरबीतून ती आपल्या वहीपर्यंत आली आहेत. घरात मूल असेल तर तीन कागद, एक पट्टी आणि कात्री पुरे. आधी चुकीची रीत करायला द्या, दोन्ही कर्ण मोजायला सांगा, आणि मगच बूझजानीची रीत दाखवा.